२०० + १०० = ४४ : घड्याळ आणि बादलीची गोष्ट

मंडळी, आज शनिवार, बाहेर पाऊस आणि हातात चहा. तेव्हा एक जुनी जखम उकरून काढतो. निमित्त अगदी साधं आहे. खाली दोन ओळी आहेत, एक मॅटलॅबची आणि एक पायथनची. दोन्हीकडे ८ बिटांचे, चिन्ह नसलेले (म्हणजे उणे होऊ न शकणारे) दोन आकडे आहेत आणि दोन्हीकडे साधी बेरीज आहे.

```
uint8(200) + uint8(100)                                        % 255
np.array([200], np.uint8) + np.array([100], np.uint8)          # [44]
```

पहिलीतल्या पोराला विचारलंत तर तो ३०० म्हणेल. मॅटलॅब म्हणतं २५५ आणि पायथनमधलं नम्पाय म्हणतं ४४. दोघंही चूक, आणि दोघंही एक शब्द न बोलता, शांत चेहऱ्याने चूक! पण ही चूक वेंधळेपणाची नाही. दोन्हींमागे विचार करून घेतलेले निर्णय आहेत आणि ते निर्णय दोन वेगळ्या घराण्यांतून आले आहेत. त्या घराण्यांची ही गोष्ट.

त्याआधी जखम कुठली ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम होतं. पार्किंगच्या दारावरच्या कॅमेऱ्यातून गाडी आली की नाही ते ओळखायचं. पद्धत जगजाहीर होती: रिकाम्या रस्त्याचं एक चित्र ठेवायचं, प्रत्येक नव्या चित्रातून ते वजा करायचं आणि जिथे फरक ३० पेक्षा जास्त, तिथे 'काहीतरी आहे' असं म्हणायचं. मॅटलॅबमध्ये हे दोन ओळींत झालं होतं आणि चालतही होतं. मग ते पायथनमध्ये उतरवायचं ठरलं. मी ओळीला ओळ उतरवली, चालवून पाहिलं, तर पडदाभर पांढरी चांदणी! रिकामा रस्तासुद्धा गाड्यांनी भरलेला. "पायथनमध्ये बग आहे," असं मी छातीठोकपणे जाहीर करून मोकळा झालो. (हसू नका, तुम्हीही हे केलेलं आहे.) खरं काय होतं ते शेवटी सांगतो, कारण त्यातली खरी लाजिरवाणी गोष्ट पायथनकडे नव्हतीच.

आठच बिटं का?

आधी हे आठ बिटांचं खूळ आलं कुठून ते पाहू. 'बाइट' हा शब्द वेर्नर बुखहोल्त्स यांनी १९५६ मध्ये आयबीएमच्या स्ट्रेच नावाच्या संगणकाचं काम चालू असताना काढला. पण तेव्हा बाइट म्हणजे आठच बिटं असं काही नव्हतं. त्या काळी अक्षरासाठी सहा बिटं पुरत: कॅपिटल अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं, संपलं. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि तिच्यात आठ बिटांचा बाइट पक्का झाला. छोट्या लिपीची अक्षरंही बसावीत, हा त्यामागचा एक विचार होता. ते यंत्र इतकं चाललं की पुढे आठ बिटं म्हणजेच बाइट, हे सगळ्या जगाने मान्य करून टाकलं.

चित्रं या घरात भाडेकरू म्हणून आली. राखाडी छटांसाठी एक बाइट ठेवला की ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा आणि मध्ये २५४ छटा. साध्या पडद्यावर डोळ्याला एवढ्या पुष्कळ होतात. साठवायला सोयीचं, पाहायला पुरेसं. गडबड एवढीच, की ही जागा *पाहण्यासाठी* पुरेशी आहे, *गणितासाठी* नाही. दोन छटांची बेरीज ५१० पर्यंत जाऊ शकते आणि वजाबाकी उणे २५५ पर्यंत. म्हणजे पहिल्याच पायरीवर उत्तर घराबाहेर पडतं. आता घराबाहेर पडलेल्याचं काय करायचं, यावर दोन घराणी.

पहिलं घराणं : घड्याळ

घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तासांनी पंधरा वाजत नाहीत, तीन वाजतात. संगणकाच्या बेरजेचं यंत्र मुळात असंच आहे. २०० म्हणजे 11001000 आणि १०० म्हणजे 01100100. बेरीज येते 100101100, म्हणजे नऊ बिटं. जागा आठचीच. डावीकडचं एक बिट बाहेर पडतं, उरतं 00101100, आणि तेच ४४. म्हणजे ३०० वजा २५६. हे कोणी मुद्दाम करत नाही, काहीच केलं नाही की हे आपोआप होतं. प्रोसेसर ते सांडलेलं बिट 'कॅरी' म्हणून बाजूला नोंदवतोही, पण ते पाहायचं की नाही हा पुढच्याचा प्रश्न.

१९७० च्या दशकात सी भाषा आली, आणि १९८९ च्या तिच्या प्रमाण आवृत्तीत तर स्पष्टच आहे की चिन्ह नसलेल्या आकड्यांत 'ओव्हरफ्लो' होतच नाही, उत्तर फक्त २ च्या घाताने भागून उरलेली बाकी असतं. याला लबाडी म्हणू नका बरं का. घड्याळाचा एक मोठा गुण आहे: त्यात माहिती हरवत नाही. २०० मध्ये १०० मिळवा, ४४ येतील. त्यातून १०० वजा करा, पुन्हा बरोबर २००. मधला मुक्काम चुकीचा, तरी घरी परत येता येतं. चेकसम, कूटलेखन, हॅशिंग या सगळ्यांना हेच हवं असतं.

नम्पाय याच घराण्यातलं. १९९५ मध्ये जिम ह्युगुनिन यांनी पायथनसाठी न्यूमेरिक लिहिलं. पुढे हबल दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधून न्यूमअरे आलं. दोन गट पडले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोघांना एकत्र आणून २००६ मध्ये नम्पाय १.० काढलं. वरचा मुखवटा पायथनचा असला तरी आतला हिशोब सीचा आहे. लाखो आकड्यांवर वेगाने फिरायचं, प्रत्येक आकड्यापाशी थांबून 'काय रे, सांडलं का?' असं विचारायचं नाही. म्हणून अरेवर तुम्हाला साधी सूचनाही मिळत नाही.

दुसरं घराणं : बादली

बादली भरली की भरली. आणखी पाणी ओतलं तर सांडतं, पण बादली रिकामी होत नाही. हे घराणं सिग्नलवाल्यांचं. आवाजाचा विचार करा. लाट वर चढताचढता जागा संपली आणि आकडा एकदम खालच्या टोकाला उडाला, तर कानात 'फट्ट' असा आवाज येतो. त्यापेक्षा लाटेचं टोक सपाट झालेलं चालेल. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०१० सारख्या चिपांत 'ओव्हरफ्लो झाला तर टोकावरच थांब' अशी एक कळ होती. यालाच सॅच्युरेशन म्हणतात.

चित्राचंही तसंच आहे. ढगाची छटा २४० असेल आणि उजेड २० ने वाढवला, तर घड्याळाच्या हिशोबाने ती ४ होते, म्हणजे पांढऱ्या ढगात काळं भोक. बादलीच्या हिशोबाने २५५, म्हणजे नुसता पांढरा ढग. चूक आहे, पण डोळ्याला खटकत नाही. जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्सवाला पेंटियम बाजारात आणला, त्यात आठ-आठ बाइट एकदम मिळवणाऱ्या सूचना होत्या. गंमत म्हणजे इंटेलने दोन्ही घराण्यांची सोय केली: `PADDB` घड्याळाची आणि `PADDUSB` बादलीची. त्याच इंटेलमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेलं ओपनसीव्ही मात्र सरळ बादलीच्या घराण्यात गेलं.

मॅटलॅबची वाट निराळीच. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते विद्यार्थ्यांसाठी लिहिलं, १९८४ मध्ये कंपनी निघाली आणि पुढे बराच काळ तिथे आकड्याचा प्रकार एकच: डबल, आठ बाइटांचा दशांश. हे गणितासाठी उत्तम, चित्रांसाठी उधळपट्टी. ५१२ × ५१२ चं राखाडी चित्र बाइटमध्ये २५६ केबी, डबलमध्ये २ एमबी. त्या काळच्या मेमरीत हे परवडणारं नव्हतं. म्हणून १९९० च्या दशकात, मॅटलॅब ५ च्या काळात, `uint8` आलं, पण फक्त *साठवायला*. दोन `uint8` मिळवायला गेलात तर मॅटलॅब सरळ एरर देई. लोक कुरकुर करत `double(a)` लिहीत आणि नकळत सुरक्षित राहत! २००४ मध्ये मॅटलॅब ७ आलं, पूर्णांकांवर गणित करता येऊ लागलं आणि नियम ठरला बादलीचा. उत्तर आधी जवळच्या पूर्णांकात बसवायचं आणि बाहेर गेलं तर टोकावर थांबवायचं.

सोय झाली आणि कुंपण गेलं.

बादलीचं दुखणं

इथपर्यंत वाचून वाटेल की मॅटलॅब शहाणं आणि नम्पाय वेडं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण बादलीतून सांडलेलं पाणी परत येत नाही. मॅटलॅबमध्ये २०० + १०० - १०० करून पाहा. पहिल्या पायरीला २५५, दुसरीला १५५. घड्याळ घरी पोचलं होतं, बादली नाही पोचली.

दोन चित्रांची सरासरी काढताना हे छान दिसतं. छटा २०० आणि १८०, खरी सरासरी १९०. `(a+b)/2` लिहिलंत तर मॅटलॅबमध्ये बेरीज २५५ वर अडकते, निम्मे १२७.५, जवळचा पूर्णांक १२८. नम्पायमध्ये ३८० चे होतात १२४ आणि निम्मे ६२. मॅटलॅबचं चित्र 'जरा काळवंडलेलं' दिसतं, म्हणून आपण कॅमेऱ्याला दोष देतो. नम्पायचं चित्र भयानक दिसतं, म्हणून आपण कोडला दोष देतो. आता सांगा, जास्त धोकादायक कोण?

त्यावरून ओळखायच्या खुणाही निघतात. उजळ भागात काळी भोकं किंवा गडद भागात पांढरी चांदणी दिसली की घड्याळ. सपाट पांढरे किंवा सपाट काळे पट्टे आणि हिस्टोग्राममध्ये ० किंवा २५५ वर उभा खांब दिसला की बादली (किंवा मूळ फोटोच तसा आहे, तेव्हा तोही आधी पाहून घ्या). आणि सगळ्यात आधी मॅटलॅबमध्ये `class(img)`, पायथनमध्ये `img.dtype`. दहा सेकंदांचं काम आहे, मी ते दोन दिवसांनी केलं.

आता पार्किंग

रिकाम्या सिमेंटच्या रस्त्याची छटा धरा १८०. तीन प्रसंग पाहू. पांढरी गाडी, छटा २३५: फरक ५५, दोन्हीकडे बरोबर, गाडी सापडली. रिकामाच रस्ता, पण कॅमेऱ्याच्या किंचित खरखरीमुळे छटा १७८: खरा फरक उणे २. नम्पायमध्ये तो होतो २५४, ३० पेक्षा कितीतरी जास्त, म्हणून 'गाडी आली!' हीच माझी पांढरी चांदणी. मॅटलॅबमध्ये तो ० होतो, सगळं शांत.

तिसरा प्रसंग काळ्या गाडीचा, छटा ४०. खरा फरक उणे १४०. नम्पायमध्ये तो होतो ११६, म्हणजे गाडी सापडते, पण निव्वळ नशिबाने. आणि मॅटलॅबमध्ये? शून्य. गाडी नाहीच!

हे माझ्या नाही, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अरे, तुझं पायथन राहू दे बाजूला. ही काळी गाडी जुन्या प्रोग्रॅमला दिसायची का?" आम्ही जुन्या चित्रफिती काढल्या. बहुतेक गाड्या पांढऱ्या किंवा रुपेरी. काळ्या गाड्यांचे दिवे आणि काचेवरची चमक तेवढी पकडली जायची, म्हणून कधीमधी त्या मोजल्या जात. बाकी वेळा काळी गाडी आमच्या डोळ्यांदेखत आत जात होती आणि हिशोबात ती आलीच नव्हती. 'चालणारा' प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून अर्धा आंधळा होता. मी ज्याला पायथनचा बग म्हणत होतो, त्याने मॅटलॅबमधला आमचाच बग उघडा पाडला होता.

दुरुस्ती

दुरुस्तीचं तत्त्व एका वाक्यात: आधी मोठ्या घरात जा, तिथे सगळा हिशोब करा आणि अगदी शेवटी, तोही गरज असेल तरच, आठ बिटांत परत या.

```
d = abs(double(frame) - double(bg));                            % MATLAB
d = np.abs(frame.astype(np.int16) - bg.astype(np.int16))        # Python
```

वजाबाकीची उत्तरं उणे २५५ ते २५५, त्यामुळे `int16` पुरतं. नुसतं `np.abs(frame - bg)` मात्र निरुपयोगी आहे, कारण आत जे येतं ते उणे नसतंच. तयार औषधं हवी असतील तर मॅटलॅबच्या इमेज प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये `imabsdiff` आणि ओपनसीव्हीत `cv2.absdiff` आहे. बादलीच्या घराण्यात एक जुनी युक्तीही आहे: `(a-b) + (b-a)`. दोन्हीतलं एक नेहमी शून्यावर अडकतं, उरतो तो खरा फरक! मॅटलॅबमध्ये ही चालते, नम्पायमध्ये अजिबात नाही, तिथे हे उत्तर कायम शून्य येतं.

उजेड वाढवून चित्र परत आठ बिटांत हवं असेल तर पायथनमध्ये असं:

```
out = np.clip(np.rint(img.astype(np.float32) * 1.2 + 20), 0, 255).astype(np.uint8)
```

इथे क्रम महत्त्वाचा. `np.clip(img + 50, 0, 255)` हे मी लोकांच्या कोडमध्ये सर्रास पाहिलं आहे. आत बेरीज होतानाच घड्याळ फिरून गेलेलं असतं, मग क्लिपला कापायला काही उरतच नाही. `rint` नसेल तर `astype` दशांश तोडून टाकतं, १८९.९ चे १८९ होतात. आणि `clip` न करता २५५ पेक्षा मोठा किंवा उणे दशांश `uint8` मध्ये कोंबला, तर सी भाषा उत्तराची हमीच देत नाही. या यंत्रावर एक, त्या यंत्रावर दुसरं.

मॅटलॅबवाल्यांसाठी एक खड्डा. `double(img)` केल्यावर `imshow` केलंत तर सगळं पांढरंफटक दिसेल, कारण डबल चित्रात १ म्हणजेच पांढरा असं ते धरतं. घाबरू नका, `imshow(d, [0 255])` लिहा.

आणि नम्पायवाल्यांसाठी एक ताजी गोष्ट. जुन्या १.x मध्ये `np.uint8(200) + 100` चं उत्तर ३०० यायचं, कारण दोन्ही बाजूंना एकटे आकडे असले की ते साध्या १०० ला मोठ्या घरातला पूर्णांक धरत असे. जून २०२४ मध्ये आलेल्या नम्पाय २.० ने हा लाड बंद केला. आता उत्तर ४४ येतं आणि सोबत `RuntimeWarning`. `uint8` अरेमध्ये ३०० मिळवायला गेलात तर पूर्वी गुपचूप `uint16` व्हायचं, आता `OverflowError` येते. पण दोन `uint8` अरेंची बेरीज? ती अजूनही तशीच, घड्याळासारखी, गुपचूप. तेव्हा जुना कोड नव्या नम्पायवर नेताना एकट्या पिक्सेलवरच्या ओळी जरूर तपासा.

आता ओपनसीव्हीची गंमत सांगून थांबतो. पायथनमध्ये ओपनसीव्हीचं चित्र म्हणजे नम्पायचंच अरे. त्याच दोन चित्रांवर `a + b` लिहिलंत तर घड्याळ, `cv2.add(a, b)` लिहिलंत तर बादली. दोन घराणी एकाच व्हेरिएबलमध्ये नांदतात आणि तुम्ही कुठल्या दाराने आत शिरलात त्यावर उत्तर ठरतं.

आमचा तो प्रोग्रॅम त्याच आठवड्यात दुरुस्त झाला, आणि दोन्हीकडे एकच उत्तर यायला लागलं. ग्राहकाला काळ्या गाड्यांबद्दल सांगायला मात्र मलाच पाठवलं. ते न्याय्यच होतं म्हणा.

असो. चहा गार झाला. तुमच्याकडे चित्रांची वजाबाकी करणारी एखादी जुनी ओळ असेल तर सोमवारी तिला एक काळी गाडी दाखवून बघा.